हातचूक की गैरसमज? बीजगणितातील सरळरूपाच्या उत्तरांचे वाचन : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्कसारख्या वस्तीत एका इमारतीतील मुले मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा निरनिराळ्या माध्यमांच्या शाळांत जातात आणि दहावीनंतर कनिष्ठ महाविद्यालयाच्या एकाच वर्गात शेजारी बसतात. अशा वर्गात पहिल्याच आठवड्यात सरळरूपाची एक कार्यपत्रिका सोडवण्यास दिली आहे, अशी कल्पना करावी. एक उदाहरण असे आहे : ७x − (३x − २). तीन विद्यार्थ्यांनी उत्तर ४x − २ असे लिहिले. बरोबर उत्तर ४x + २ आहे. तिन्ही उत्तरांवर लाल फुली पडते, तिन्हींचा गुण जातो आणि तिघांनाही बहुधा एकच सूचना मिळते, ती म्हणजे ‘चिन्हांकडे लक्ष द्या’. शिक्षक-कक्षात अशा उत्तराला ‘सिली मिस्टेक’ म्हणण्याचा प्रघात आहे.

या तिघांपैकी एकाला कंसाचा नियम पूर्ण ठाऊक असेल आणि त्याचा हात घसरला असेल. दुसऱ्याच्या समजुतीप्रमाणे कंसाबाहेरचे वजा चिन्ह कंसातील पहिल्या पदापुरतेच असेल. पहिल्याला दिलेली सूचना निदान निरुपद्रवी तरी आहे. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र ती अपाय करते. तो अधिक लक्ष देऊन, अधिक काळजीपूर्वक, तीच चूक पुन्हा करतो आणि काही महिन्यांनी ‘आपले गणितात लक्षच लागत नाही’ असा स्वतःविषयीचा निष्कर्ष काढून मोकळा होतो. दोष समजुतीत असताना तो स्वभावात आहे असे त्याला सांगितले गेलेले असते. हा भेद उत्तरपत्रिकेवरून ओळखता येतो काय, आणि येत असल्यास कितपत, या प्रश्नाला सुमारे शंभर वर्षांचा इतिहास आहे. प्रस्तुत निबंधात त्या इतिहासातील मोजकेच टप्पे घेतले असून त्यांच्या प्रकाशात वरील कार्यपत्रिका वाचून दाखवली आहे.

भेदाची पूर्वपीठिका

चुकांच्या मानसशास्त्राचा स्वतंत्र विचार जर्मन शिक्षणतज्ज्ञ हेरमान वायमर यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आढळतो. सवयीने हात पुढे धावल्यामुळे होणारी चूक, आधी मनात आलेली गोष्ट रेंगाळल्यामुळे होणारी चूक, सादृश्यामुळे होणारी चूक असे प्रकार त्यांनी पाडले. या प्रकारांचा मोठा भाग आज ज्याला अनवधान म्हटले जाते त्यातच मोडतो. विद्यार्थ्याला विषयाविषयी काय वाटते हा प्रश्न अजून मध्यवर्ती झालेला नव्हता.

तो मध्यवर्ती झाला भाषाशिक्षणात, ही गोष्ट गणिताच्या अध्यापकांच्या फारशी लक्षात राहिलेली नाही. एडिंबरो येथील एस. पिट कॉर्डर यांनी १९६७ मधील एका लेखात परभाषा शिकणाऱ्याच्या चुकांचे दोन वर्ग केले. थकवा, घाई किंवा विसर यांमुळे बोलणाऱ्याची जीभ घसरते, तेव्हा तो स्वतःच ती चूक सावरू शकतो. अशा चुकीला शिकण्याच्या दृष्टीने महत्त्व नाही. दुसरी चूक नियमित असते. शिकणाऱ्याने आपल्या मनाशी भाषेचे जे व्याकरण रचले आहे, त्या व्याकरणाप्रमाणे ती चूकच नसते, आणि म्हणून ती त्याला स्वतःला सापडत नाही. कॉर्डर यांचा हा विचार गणितालाही जसाच्या तसा लागू पडतो. ७x − (३x − २) चे ४x − २ करणारा दुसरा विद्यार्थी आपल्या मनातील नियम तंतोतंत पाळत असतो.

गणितात हा विचार ठळकपणे आला तो १९७८ मध्ये. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी अमेरिकेत हातच्याच्या वजाबाकीचा अभ्यास केला. मुलांची चुकीची उत्तरे वरवर पाहता यादृच्छिक वाटतात, परंतु त्यांतील बऱ्याच उत्तरांच्या मागे एक ठराविक, सदोष परंतु सुसंगत कृती असते, असे त्यांनी दाखवले. ‘वरचा अंक लहान असला तर खालच्यातून वरचा वजा करावा’ ही अशीच एक कृती आहे. संगणकाच्या आज्ञावलीत राहिलेल्या दोषाला जो ‘बग’ हा शब्द वापरतात, तोच त्यांनी या दोषांना दिला. बग ठाऊक झाला की तो मूल पुढच्या गणिताला कोणते चुकीचे उत्तर देईल हे आधीच सांगता येते. याच्या उलट, हातचुकीविषयी असे भाकीत करता येत नाही. भाकीत करता येणे हीच येथे दोहोंमधील सीमारेषा ठरली. पुढे डेरेक स्लीमन यांनी इंग्लंडमध्ये बीजगणितातील समीकरणांसाठी अशाच सदोष नियमांच्या याद्या केल्या, तर मरिलिन मॅट्झ यांनी हे नियम मुलांच्या डोक्यात येतात कोठून, याचा शोध घेतला. जो नियम एका ठिकाणी चालतो तो दुसरीकडेही चालेल असे मुले समजतात, म्हणजे सदोष नियम हा बहुधा एखाद्या खऱ्या नियमाचाच अवास्तव विस्तार असतो, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे.

यादी करून सुटेल इतका हा प्रश्न सोपा असता तर पुढचे काही लिहिण्याचे कारण उरले नसते. परंतु यादी करणाऱ्यांनाच लवकर अडचण आली. ब्राउन यांचे सहकारी कर्ट व्हॅनलेन यांना असे आढळले की काही मुले आज एक बग दाखवतात, तर दोन दिवसांनी दुसरा. कधी कधी एकाच कागदावर बग बदलतो. याचे स्पष्टीकरण ब्राउन आणि व्हॅनलेन यांनी १९८० मध्ये मांडले होते. मुलाच्या ज्ञानात एक पोकळी असते. तेथे पोहोचल्यावर ते अडते, आणि कागद कोरा ठेवायचा नसल्याने हाताशी असलेली कोणतीही डागडुजी करून पुढे सरकते. पोकळी कायम राहते, डागडुजी मात्र बदलते. १९९० मध्ये स्टीफन पेन आणि हेलन स्क्विब यांनी इंग्लंडमधील तीन शाळांच्या बीजगणिताच्या उत्तरांची छाननी केली, तेव्हाही चित्र तसेच दिसले. थोडे सदोष नियम वारंवार आढळतात, बाकीचे बहुसंख्य क्वचितच. एकच विद्यार्थी एकच नियम सातत्याने वापरतो असेही नाही, आणि एका शाळेत उपयोगी पडलेली यादी दुसऱ्या शाळेत तशी उपयोगी पडत नाही. परदेशी पुस्तकातील चुकांची यादी समोर ठेवून भाईंदरच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्याने हे शेवटचे वाक्य विसरू नये.

हातचुकीच्या बाजूनेही एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. ऑस्ट्रेलियातील एम. ए. (केन) क्लेमेंट्स यांनी सहावीच्या मुलांना तेच प्रश्न पुन्हा देऊन निष्काळजी चुका वेगळ्या काढण्याचा प्रयत्न केला व तो १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. गणितात सक्षम आणि आत्मविश्वास असलेल्या मुलांच्या चुकांमध्ये निष्काळजी चुकांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असल्याचे त्यांना दिसले. हे तर्काला धरूनच आहे, कारण ज्याला नियम येतो त्याच्याकडे चुकण्यासाठी घसरण्याखेरीज दुसरा मार्ग फारसा उरत नाही. पण याचा व्यत्यास अध्यापकांना अस्वस्थ करणारा आहे. ज्या विद्यार्थ्याला सतत ‘निष्काळजी’ म्हटले जाते तो बहुधा कच्चा विद्यार्थी असतो, आणि निष्काळजीपणाचा आरोप त्याच्याच बाबतीत सर्वांत कमी खरा असण्याचा संभव असतो.

मानखुर्द येथील काम

महाराष्ट्रात या प्रश्नावर झालेले सर्वांत बारकाईचे काम मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात झाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या या केंद्रात राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांनी २००३ ते २००५ या काळात सहावीच्या उंबरठ्यावरील मुलांसाठी बीजगणिताच्या प्रारंभिक अध्यापनाचे प्रयोग एकापाठोपाठ केले. मुले परिसरातील मराठी व इंग्रजी माध्यमांच्या शाळांतील होती. प्रत्येक फेरीतील अनुभवावरून पुढच्या फेरीची आखणी बदलत गेली. या वाटचालीचा वृत्तांत २०१२ मध्ये गणितशिक्षणाच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्यांच्या कामाचा गाभा असा की बीजगणितातील पुष्कळ चुकांची मुळे अक्षराशी नसून त्याआधीच्या अंकगणितात आहेत. १९ − ७ + ४ या राशीची किंमत १६ आहे. कित्येक मुले ती ८ काढतात, कारण ती ७ आणि ४ यांची बेरीज आधी करतात. म्हणजे वजा चिन्ह त्यांच्या दृष्टीने ७ ला चिकटलेले नसते. ते दोन भागांच्या मधल्या भिंतीसारखे असते आणि भिंतीच्या उजवीकडचे सगळे एकत्र गोळा करायचे असते. पदाला त्याच्या आधीच्या चिन्हापासून तोडण्याची ही प्रवृत्ती निकोलस हर्स्कोविक्स आणि लिओरा लिंचेव्हस्की यांनी १९९४ मध्ये नोंदवली होती. मानखुर्दच्या प्रयोगांत तिच्यावर उपाय म्हणून ‘पद’ ही कल्पना अंकगणितातच आणली गेली. १९ − ७ + ४ मधील पदे +१९, −७ आणि +४ अशी चिन्हासह चौकटीत घालून दाखवायची, आणि मग १९ + ४ − ७ किंवा १९ − ४ + ७ ही राशी मूळ राशीएवढीच आहे काय, हे किंमत न काढता केवळ पदे पाहून ठरवायचे. गुणाकाराने बनलेले पद हे एकच पद मानायचे. पुढे x आल्यावर नवे काही शिकावे लागत नाही, ३x हे पूर्वीच्या ३ × ५ सारखेच एक पद असते.

निदानाच्या दृष्टीने यातून मिळणारी गोष्ट मोलाची आहे. ८x − ३x + ४x चे उत्तर x असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला अक्षर समजले नाही की चिन्ह, हे त्या एका उत्तरावरून सांगता येत नाही. त्यालाच २० − ६ + ५ द्यावे. त्याने ९ लिहिले तर दोष अक्षराआधीचा आहे.

येथे महाराष्ट्रातील एका जुन्या सोयीचाही विचार करणे भाग आहे. क्रियांचा क्रम लक्षात राहावा म्हणून मराठी शाळांत ‘कंचेभागुबेव’ हे सूत्र पाठ करवून घेतले जाते. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. इंग्रजी माध्यमातील ‘बॉडमास’ त्याचेच भावंड. या सूत्रात ‘बे’ आधी आणि ‘व’ नंतर येतो. सूत्र अक्षरशः पाळणारे मूल २० − ६ + ५ मध्ये बेरीज आधी करते, ६ + ५ = ११, मग २० − ११ = ९. बेरीज आणि वजाबाकी एकाच पातळीच्या क्रिया असून त्या डावीकडून उजवीकडे कराव्यात, ही पुरवणी सूत्रात मावत नाही आणि म्हणून ती विसरली जाते. अशा मुलाला निष्काळजी म्हणणे अन्यायाचे होईल. त्याने शिकवलेले इतके मनापासून पाळले आहे की चूक झाली. मॅट्झ यांचे म्हणणे, की सदोष नियम हा खऱ्या नियमाचाच वाढवलेला तुकडा असतो, त्याचे याहून जवळचे उदाहरण मिळणे कठीण.

एक कार्यपत्रिका व तीन उत्तरपत्रिका

आता प्रारंभीच्या वर्गाकडे वळता येईल. त्यातील कार्यपत्रिका पुढीलप्रमाणे होती असे धरू. ही उदाहरणे आणि पुढील उत्तरपत्रिका विवेचनासाठी रचलेल्या आहेत.

(१) ७x − (३x − २)
(२) ८x − ३x + ४x
(३) ५ + ३x
(४) ५x + (२x − ३)
(५) ६ − (४ − x)
(६) २० − ६ + ५
(७) ४x + ७ − x
(८) १० − २(x − ३)

बरोबर उत्तरे क्रमाने अशी : ४x + २, ९x, ५ + ३x (तसेच राहते), ७x − ३, २ + x, १९, ३x + ७, १६ − २x. वजा चिन्हानंतर कंस येणारी उदाहरणे तीन आहेत : पहिले, पाचवे आणि आठवे. ती मुद्दाम दूर दूर ठेवली आहेत. सलग दिली तर पहिल्यात घसरलेला हात त्याच चालीने पुढच्या दोहोंतही घसरू शकतो, आणि मग हातचूकही गैरसमजासारखी दिसू लागते. चौथे उदाहरण तुलनेसाठी आहे. तेथे कंसाआधी अधिक चिन्ह असल्याने गैरसमज असणाऱ्याचेही उत्तर बरोबर येते. जी कार्यपत्रिका केवळ अशाच उदाहरणांची बनलेली असते, तिच्यावर दहापैकी दहा मिळवणाऱ्याविषयी काहीच कळत नाही. पाठ्यपुस्तकांतील स्वाध्यायांत सोप्याकडून अवघडाकडे जाण्याच्या क्रमामुळे नेमकी हीच उदाहरणे आधी आणि संख्येने अधिक असतात.

पहिल्या विद्यार्थ्याची उत्तरे : (१) ४x − २, (५) २ + x, (८) १६ − २x. पहिल्या उदाहरणाखाली त्याने मधली पायरी लिहिली आहे : ७x − ३x + २. चिन्ह बदललेले आहे, म्हणजे नियम येतो. घसरण पुढच्या ओळीत उतरवताना झाली. ही हातचूक होय. मधली पायरी नसती तरी पाचव्या आणि आठव्या उत्तरांवरून बहुधा हाच निष्कर्ष निघाला असता, परंतु त्या पायरीने तो जवळजवळ पक्का केला. बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेत सर्वप्रथम नाहीशी होते ती हीच ओळ.

दुसऱ्या विद्यार्थ्याची उत्तरे : (१) ४x − २, (५) २ − x, (८) ४ − २x. तिन्ही ठिकाणी कंसातील दुसऱ्या पदाचे चिन्ह जसेच्या तसे राहिले आहे. चांगला विद्यार्थी अशा ठिकाणी दहात एकदा घसरतो असे केवळ हिशेबासाठी धरले, तर तिन्ही ठिकाणी योगायोगाने घसरण्याचा संभव हजारात एक इतका येतो. घसरणी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात, थकलेला विद्यार्थी सगळीकडेच घसरतो, म्हणून हा आकडा शब्दशः घेऊ नये. तरी एकच दिशा असलेल्या तीन चुका आणि विखुरलेल्या तीन चुका यांतील फरक त्यातून ध्यानात येतो.

या विद्यार्थ्याच्या आठव्या उत्तराकडे अधिक बारकाईने पाहणे आवश्यक आहे. १० − २(x − ३) या एकाच उदाहरणाला तीन प्रकारची चुकीची उत्तरे येऊ शकतात आणि तिन्हींचा अर्थ वेगळा असतो. ४ − २x लिहिणाऱ्याने २ ने दोन्ही पदांना गुणले आहे, १० − २x − ६. त्याला वितरणाचा नियम येतो, पण २ च्या आधीचे वजा चिन्ह त्या गुणाकारात भाग घेते हे त्याने मानलेले नाही. ७ − २x लिहिणाऱ्याने १० − २x − ३ असे केले आहे. त्याच्या मते कंसाबाहेरची संख्या केवळ पहिल्या पदाला लागू होते, म्हणजे अडचण वितरणातच आहे. आणि ८x − २४ लिहिणाऱ्याने आधी १० − २ = ८ करून मग कंसाला गुणले आहे. हा १९ − ७ + ४ चे ८ करणाऱ्याचा उलटा भाऊ म्हणावा लागेल, कारण येथे २ हा आपल्या गुणाकार-पदातून तुटून डावीकडे जाऊन चिकटला आहे. तिघांनाही ‘कंस सोडवण्याचा सराव करा’ असे सांगितले तर फार तर एकाचे काम होईल.

तिसऱ्या विद्यार्थ्याची उत्तरे : (१) ४x − २, (५) २ + x, (८) ४ − २x. दोन चुकीची, एक बरोबर. मधल्या पायऱ्या लिहिलेल्या नाहीत. प्रत्यक्ष वर्गात सर्वांत जास्त भेटतो तो हाच, आणि कागदावरून त्याचे निदान होत नाही हे मान्य केले पाहिजे. त्याला नियम येत असून तो दोनदा घसरला असेल. किंवा व्हॅनलेन यांनी वर्णिलेली पोकळी त्याच्या ज्ञानात असेल आणि तो दर वेळी वेगळी डागडुजी करीत असेल. पाचव्या उदाहरणात ‘६ मधून ४ गेले, पण ४ मधून x आधीच कमी केला होता, म्हणून तो परत द्यायचा’ असा विचार त्याने केला असण्याचीही शक्यता आहे. आधी आकडे असल्याने तेथे तो सुचतो, पहिल्यात सुचत नाही.

अशा विद्यार्थ्याला पाच मिनिटे बोलावून दोन गोष्टी कराव्यात. प्रथम, चूक कोठे आहे हे न सांगता उत्तर पुन्हा तपासण्यास सांगावे. कॉर्डर यांची कसोटी येथे लागते : घसरलेला स्वतः सावरतो, गैरसमज असलेला बहुधा तेच उत्तर पुन्हा लिहितो. मात्र ‘पुन्हा पाहा’ या शब्दांतच चूक असल्याची सूचना असते, आणि चाणाक्ष विद्यार्थी केवळ चिन्ह उलटे करून मोकळा होतो. म्हणून बरोबर आलेल्या एखाद्या उत्तरासाठीही तीच सूचना द्यावी. दुसरी गोष्ट, x च्या जागी १ घालून पाहण्यास सांगावे. ७ − (३ − २) म्हणजे ७ − १ = ६. त्याचे उत्तर ४x − २ मात्र २ देते. घसरलेला विद्यार्थी येथे हसून चिन्ह दुरुस्त करतो. दुसरा गोंधळतो, आणि त्याचा गोंधळ पाहण्यासारखा असतो. कंसात आकडे असल्यामुळे त्याने कंस आधी सोडवला आणि बरोबर उत्तर मिळवले. x असताना कंसातले काही ‘सुटत’ नव्हते, म्हणून त्याने तो मोडला. एकच कंस दोन रीतींनी दोन किमती देतो, हे त्याला प्रथमच दिसलेले असते. क्वचित एखादा ७ − (३ − २) चेही ७ − ३ − २ = २ करतो आणि त्याला विसंगती दिसतच नाही. त्याच्यासाठी बीजगणित बाजूला ठेवून मानखुर्दच्या पद्धतीने पदांच्या चौकटींपासूनच आरंभ करावा लागेल.

‘सरळ रूप द्या’ या आज्ञेचा अर्थ

तिसऱ्या उदाहरणाचा विचार राहिला आहे. ५ + ३x चे ८x हे उत्तर जगभर आढळते. लंडन येथे १९७० च्या दशकात झालेल्या मोठ्या प्रकल्पात डीटमार क्यूकेमान यांनी मुले अक्षराचा अर्थ किती प्रकारे लावतात हे तपासले. अक्षर म्हणजे वस्तू, हा त्यांतील एक प्रकार होता. ३x म्हणजे तीन पेरू आणि ५y म्हणजे पाच आंबे, असे समजावण्याची वर्गातील पद्धत या समजुतीला खतपाणी घालते, कारण अक्षर हे पेरूचे नाव नसून एका संख्येची जागा असते. त्याआधी केव्हिन कॉलिस यांनी आणखी एक कारण सुचवले होते. उत्तर म्हणजे एकसंध, पूर्ण झालेली एक गोष्ट, अशी अंकगणिताने मुलांची अपेक्षा घडवलेली असते. मधे अधिक चिन्ह लोंबकळत असलेले उत्तर त्यांना अर्धवट वाटते.

आज्ञेची भाषा या अपेक्षेत भर घालते. ‘सोपे रूप द्या’ म्हटल्यावर लिहिले आहे त्याहून काहीतरी लहान लिहिले पाहिजे, असे विद्यार्थ्याला वाटल्यास नवल नाही. इंग्रजी माध्यमातून आलेल्याला ‘सिम्प्लिफाय’ हा शब्द आणि मराठी माध्यमातून आलेल्याला ‘सोडवा’ हा शब्द निरनिराळ्या दिशांनी ढकलतो. ‘सोडवा’ या शब्दाच्या सवयीमुळे काही जण सातव्या उदाहरणात ३x + ७ पर्यंत अचूक येऊन पुढे ३x + ७ = ० असे लिहितात आणि x ची किंमत काढतात. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅन न्यूमन यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत चुकीचा शोध प्रश्न वाचण्यापासून आणि त्याचा अर्थ लावण्यापासून सुरू होतो, तो यासाठीच. वरील चूक हातचूक नाही आणि राशीविषयीचा गैरसमज आहे असेही त्यावरून म्हणता येत नाही. राशी आणि समीकरण यांतील भेद विद्यार्थ्याला ठाऊक असेल किंवा नसेल, पण त्याने प्रश्नच वेगळा ऐकला आहे. तिला लाल फुली देताना निराळी खूण करून ठेवणे बरे.

५ + ३x हा प्रश्न महाराष्ट्राच्या भूमीवर फार जुना आहे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकाच्या मध्यास ‘बीजगणित’ लिहिले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने स्थापन केलेल्या मठाचा इ. स. १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. ‘बीजगणिता’त अव्यक्त राशीसाठी यावत्तावत् या शब्दाचे आद्याक्षर ‘या’ वापरले जाते, आणि ज्ञात संख्या उघडी लिहिली जात नाही. तिच्याआधी ‘रू’, म्हणजे रूप, लिहिले जाते. आजचे ३x + ५ हे तेथे ‘या ३ रू ५’ असे होईल. बेरीज-वजाबाकी एका जातीच्या राशींचीच होते, भिन्न जातींच्या राशी वेगळ्या मांडून ठेवायच्या, असा नियम आचार्य स्पष्ट सांगतात. म्हणजे दोन जातींचे पृथक् मांडलेले उत्तर हे पूर्ण उत्तर असते. शिवाय ‘यावत्तावत्’ म्हणजे ‘जितके तितके’. हे परिमाणाचे नाव आहे, वस्तूचे नव्हे. आजच्या लेखनात ५ वरील ‘रू’ ची पाटी गळून पडली आणि ५ व ३ हे दोन उघडे आकडे मुलाच्या डोळ्यांसमोर जवळ जवळ आले. लेखन सुटसुटीत झाले, पण एक इशारा कमी झाला.

तिसऱ्या उदाहरणाला ८x लिहिणाऱ्याचे निदान करताना सातवे उदाहरण उपयोगी पडते. ४x + ७ − x मध्ये सजातीय पदे एकत्र करण्याचे खरे काम आहे. तेथे ज्याने ३x + ७ लिहून हात थांबवला, त्याला भिन्न जातींची पदे वेगळी ठेवता येतात. तिसऱ्यात त्याने ८x लिहिले ते बहुधा आज्ञेच्या दडपणाखाली, कारण तेथे करण्यासारखे काहीच नव्हते आणि काही न करणे हे उत्तर असू शकते असे त्याला कोणी सांगितले नव्हते. ज्याने सातव्यातही १०x लिहिले, त्याच्या मनात ७ आणि ७x एकच आहेत. पहिल्याला ‘जेथे सरळ रूप आधीच असेल तेथे तसे लिहा’ ही एक ओळ कार्यपत्रिकेच्या माथ्यावर पुरेल. दुसऱ्याला x = २ घालून ५ + ३x ची किंमत ११ आणि ८x ची १६ येते हे स्वतः काढू द्यावे, आणि काही दिवस त्याच्या वहीत ज्ञात संख्येच्या आधी ‘रू’ लिहू दिले तरी हरकत नाही.